बऱ्हाणपूरच्या पार्टीला कोटेशन पाठवताना

पत्र: काका, जळगाव एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे, तीन पोरं कामाला आहेत. दोन महिन्यांपूर्वी बऱ्हाणपूरच्या एका केळीवाल्या पार्टीने रायपनिंग चेंबरसाठी रॅकचा भाव विचारला होता, मी व्हॉट्सअॅपवर टाकलं, "40 रॅक, 40 चा अँगल, पेंट करून, 9200 ला एक, पोच." तेव्हा काही उत्तर नाही आलं. आता काल फोन, म्हणे चालू करा काम. पण लोखंड तोपर्यंत किलोमागे 4 रुपयांनी वाढलं. पार्टी म्हणते भाव तोच, जीएसटी त्यातच, भाडं पण त्यातच, कारण तुम्हीच पोच लिहीलंय. कोटेशन नीट कसं लिहायचं ते सांगा आणि आता यातून कसा निघू?

उत्तर: भाऊ, आधी आजचं सांगतो मग कोटेशनकडे येऊ. पार्टीकडून एक रुपयाही अॅडव्हान्स घेऊ नको, जीपेवर टाकतो म्हणाली तरी नको म्हण. अॅडव्हान्स घेतला की तू जुना भाव मान्य केला असाच अर्थ निघतो आणि मग भांडायला जागा राहत नाही. तुझ्या त्या मेसेजमध्ये मुदत नव्हती हे खरं, पण कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट 1872 चा आहे आणि त्यात हे धरलंय की मुदत लिहीली नसेल तर ऑफर वाजवी काळानंतर आपोआप संपते. लोखंडासारख्या रोज हलणाऱ्या मालात दोन महिने म्हणजे वाजवी काळ नाही असं तुला म्हणता येईल, पण ते म्हणणं आहे, पक्कं नाही, समोरचाही वकील लावून उलटं म्हणू शकतो. म्हणून वाद घालत बसू नको, आजच नवीन कोटेशन पाठव, त्यात पहिल्या ओळीतच लिही की अमुक तारखेचा व्हॉट्सअॅपवरचा भाव रद्द समजावा. लिहून पाठव, फोनवर सांगून भागत नाही.

आता तुझा मेसेज किती महागात पडतोय ते बघ. जीएसटी वेगळा असं लिहीलं नाही तर पार्टी म्हणणार 9200 मध्येच आलं, आणि तसं धरलं की 18 टक्के टॅक्स 9200 वर वरून लागत नाही, तो 9200 मधूनच काढायचा, म्हणजे 118 ने भागून 18 ने गुणायचं. एका रॅकला 1403 रुपये. 40 रॅकचे 3,68,000 धर, त्यातून 56,136 रुपये सरकारला गेले आणि तुझ्या हातात राहिले 3,11,864. वर लोखंडाचे 4 रुपये आणि टेंपोचं भाडं. एवढं सगळं "टॅक्स वेगळा" हे दोन शब्द न लिहील्यामुळे, भो.

पण मला विचारशील तर सगळ्यात मोठी चूक टॅक्सची नाही, "40 चा अँगल" ही आहे. 40 चा म्हणजे 40 बाय 40, बरोबर, पण जाडी? 3 चा की 5 चा? तुझ्या डोक्यात 5 चा होता, पार्टीच्या डोक्यात काहीच नव्हतं. चल हिशोब करू. रॅक 1.8 मीटर लांब, 0.6 मीटर खोल, 2.1 मीटर उंच, चार कप्पे, असं धरतो, तुझं माप थोडं वेगळं असेल तर आकडे बदल. चार खांब प्रत्येकी 2.1, झाले 8.4 मीटर. एका कप्प्याची चौकट 4.8 मीटर, चार कप्प्यांची 19.2. अँगल एकूण 27.6 मीटर. 40 बाय 40 बाय 5 चा अँगल मीटरला 3 किलो भरतो, म्हणजे 83 किलो. क्रेट खाली पडू नये म्हणून आडव्या पट्ट्या, 25 बाय 5 ची फ्लॅट, कप्प्याला सहा, एकेक 0.6 मीटरची, तर चार कप्प्यांच्या 14.4 मीटर, वजन 14 किलो. रॅक 97 किलोचा झाला. आता हाच रॅक 40 बाय 40 बाय 3 च्या अँगलमध्ये कर, मीटरला 1.8 किलो, अँगल 50 किलोवर आला आणि रॅक 64 किलोवर. लांबून फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. एका रॅकमागे 33 किलोचा फरक, 40 रॅकचं सव्वातेराशे किलो लोखंड! उद्या भुसावळचा एखादा 3 चा अँगल लावून 6500 ला कोटेशन देईल, पार्टी तुला म्हणेल बघा तुम्ही किती महाग लावता, आणि तुझ्याकडे दाखवायला काहीच नसेल, कारण तूही "40 चा अँगल"च लिहीलंय.

म्हणून स्पेसिफिकेशन लिहिताना मी एक करतो, माप लिहून झालं की शेवटी एका नगाचं अंदाजे वजन लिहितो, पाच टक्के कमीजास्त धरून. वजन लिहीलं की पार्टी स्वतःच दुसऱ्याला विचारते, "तुमचा रॅक किती किलोचा?" आणि तिथे हलका माल उघडा पडतो. यात एक जोखीम आहे ती पण सांगतो, वजन लिहीलंस की तुलाही पाळावं लागेल. बाजारात 5 चा म्हणून साडेचारचा अँगल बिनबोभाट विकला जातो, म्हणून माल उतरवून घेताना व्हर्नियर लावत जा आणि काट्याची पावती फाईलला ठेव. काटा कमी आला तर पार्टी भाव कापणार, आणि तिचं चूक नसणार.

पेंटचंही तसंच. "पेंट करून" या दोन शब्दांनी मी स्वतः मार खाल्लाय. एका केळीच्या चेंबरला रॅक दिले होते, कोटेशनमध्ये फक्त पेंट लिहीलं होतं, पोरांनी घाईत रेड ऑक्साइड न मारता डायरेक्ट ऑइल पेंट फिरवला. रायपनिंग चेंबरमधे हवेत आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर ठेवतात, नाहीतर केळाची साल सुकते, आणि त्या ओलाव्यात वेल्डिंगच्या सांध्यातून दीड महिन्यात गंज बाहेर आला, पेंटच्या पापड्या निघाल्या. पार्टी म्हणाली गंजणार नाही असं पेंट हवं होतं, मी म्हणालो लिहीलं तेच दिलं. दोघंही बरोबर होतो बघ. शेवटी 22 रॅक परत आणून घासून पुन्हा रंगवले, भाडं माझं, मजुरी माझी. तेव्हापासून मी असं लिहितो: वेल्डिंग घासून, रेड ऑक्साइडचा एक हात, वर इनॅमलचे दोन हात, रंग अमुक. पावडर कोटिंग हवं असेल तर वेगळा दर, असंही खाली लिहून ठेवतो, म्हणजे नंतर "त्याच भावात पावडर कोटिंग करून द्या" ही गोष्ट निघत नाही.

लोडचं लिहिताना अंगावर येईल असं काही लिहू नको. "हेवी ड्युटी" हा शब्द मला बिलकुल आवडत नाही, हेवी म्हणजे किती ते कोण ठरवणार. भरलेला क्रेट 20 किलोचा धरला तर एका कप्प्यावर 4 क्रेट म्हणजे 80 किलो. तू लिही, प्रत्येक कप्प्यावर 100 किलोपर्यंत, वजन सगळीकडे सारखं पसरलेलं, क्रेटचा एकच थर. नाहीतर सीझनमध्ये जागा कमी पडली की लोक क्रेटवर क्रेट चढवतात, 160 किलो होतात, पट्टी वाकते आणि दुसऱ्या दिवशी वाकलेल्या पट्टीचा फोटो येतो.

आता मुदत. "15 दिवस वैध" लिहू नको, सरळ तारीख लिही. 15 दिवस कुठून मोजायचे, कोटेशनच्या तारखेपासून की पार्टीला मिळाल्यापासून, आणि मधे दिवाळी आली तर? तारीख लिहीली की वादच नाही. आणि कशासाठी वैध हे पण लिही. नुसतं "मान्य आहे" असा मेसेज त्या तारखेआधी आला आणि अॅडव्हान्स महिन्याने आला तर भाव कुठला? तर ओळ अशी असावी: अमुक तारखेपर्यंत लेखी ऑर्डर आणि 50 टक्के अॅडव्हान्स दोन्ही आमच्याकडे आले तरच हा भाव लागू, त्यानंतर आम्ही पुन्हा कळवू तो भाव. लोखंडाच्या कामात मी दहा ते पंधरा दिवसांच्या वर मुदत देत नाही, देऊच शकत नाही, कारण डीलर मला स्वतः दोन दिवसांच्या पलीकडे भाव धरून देत नाही. आणि पार्टीने पंधरा दिवसांनी मुदत वाढवा म्हटलं तर जुन्याच कागदावर पेनने तारीख खोडून नवीन टाकू नको, नवीन नंबरचं कोटेशन काढ. अजून एक, पार्टीने पर्चेस ऑर्डर पाठवली आणि त्यात तुझ्या कोटेशनपेक्षा वेगळं काही लिहीलं, उदाहरणार्थ पेमेंट 60 दिवसांनी, तर ती ऑर्डर म्हणजे मान्यता नव्हे, ती पार्टीची नवी ऑफर झाली. तू गप्प राहून काम चालू केलंस की तीच अट तुझ्या गळ्यात. म्हणून ऑर्डर आली की ती कोटेशनशेजारी ठेवून एकेक ओळ वाच, मग लोखंड आण.

टॅक्सकडे येऊ. इथे आपल्या खान्देशवाल्यांची एक खास गोची आहे, रावेरच्या पुढे गेलं की राज्य बदलतं. जळगावहून भुसावळला माल दिला तर 9 टक्के सीजीएसटी आणि 9 टक्के एसजीएसटी, बऱ्हाणपूरला दिला तर 18 टक्के आयजीएसटी. रक्कम सारखीच म्हणून लोक लक्ष देत नाहीत, पण खरी मेख माल कुठे उतरतो यात आहे. समज बऱ्हाणपूरची पार्टी म्हणाली बिल बऱ्हाणपूरच्या जीएसटी नंबरवर करा पण रॅक आमच्या रावेरच्या चेंबरला उतरवा, तर माल पार्टीच्या ताब्यात महाराष्ट्रातच गेला, आणि महाराष्ट्रातला सीजीएसटी-एसजीएसटी लागला तर मध्य प्रदेशच्या नंबरवर त्याचं क्रेडिट बसत नाही. पार्टीला 66 हजारांचं क्रेडिट मिळालं नाही की तुझं पेमेंट अडकलंच समज. त्यामुळे कोटेशन काढण्याआधीच दोन गोष्टी विचार, बिलासाठीचा जीएसटी नंबर आणि माल उतरायची जागा. नंबरचे पहिले दोन आकडे बघ, 23 म्हणजे मध्य प्रदेश, 27 म्हणजे महाराष्ट्र. दोन्ही जुळत नसतील तर कोटेशन थांबव आणि आधी सीएला फोन लाव. (आणि तू कंपोझिशनमध्ये असशील तर हा सगळा विषयच संपला, कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही आणि बिलात टॅक्सही लावता येत नाही.)

टॅक्सचा दर लिही पण त्यापुढे हेही लिही की माल पाठवायच्या वेळी जो दर असेल तो लागेल. 22 सप्टेंबर 2025 ला कितीतरी वस्तूंचे दर एका दिवसात बदलले तेव्हा ज्यांच्या कोटेशनमध्ये नुसता "एकूण रक्कम" असा आकडा होता ते सगळे पार्टीशी भांडत होते की कमी झालेला टॅक्स कोणाचा. लोखंडी रॅकचा 18 टक्के तेव्हा हलला नाही, पण पुढे हलणार नाहीच असं कोण सांगणार. एचएसएन कोड मात्र तुझ्या सीएकडून घे, शेजारच्या वर्कशॉपवाल्याने लावला तो उचलू नको.

भाड्याचं जरा बारीक आहे, नीट वाच. तूच टेंपो केलास आणि बिलात भाडं लावलंस, समज 9000, तर ते मालाच्या किमतीतच धरलं जातं आणि त्यावरही 18 टक्के लागतो. बरेच जण भाडं खाली वेगळ्या ओळीत टॅक्सशिवाय दाखवतात, 1620 रुपये वाचले वाटतं, तपासणीत ते व्याजासकट निघतात. भाडं पार्टीनेच द्यायचं असेल तर कोटेशनमध्येच लिही, माल एक्स-वर्क्स जळगाव, टेंपो पार्टीचा, भाडं पार्टीने थेट ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायचं. कोटेशनमध्ये "पोच" लिहून नंतर भाडं मात्र पार्टीला द्यायला लावलंस तर ते भाडं तुझ्याच जबाबदारीचं होतं असं धरून किमतीत मिळवलं जातं. म्हणजे तुझा तो एक शब्द, पोच, भाड्यालाही नडला आणि टॅक्सलाही. गाडीत माल चढवण्याची हमाली तुझी आणि उतरवण्याची पार्टीची, हेही एका ओळीत टाक, 97 किलोचे 40 रॅक म्हणजे चार टनाच्या जवळपास माल आहे, ड्रायव्हर एकटा उतरवणार नाही. दुसऱ्या राज्यात 50,000 च्या वरचा माल म्हणजे ई-वे बिल लागतंच, ते कोण काढणार ते पण आधी ठरवून घे.

माल कधी देणार हे लिहिताना घड्याळ कधी सुरू होतं ते लिही. "4 आठवड्यात" एवढं लिहीलंस आणि पार्टीने मापाचं ड्रॉइंग वीस दिवस अडवून ठेवलं तरी उशीर तुझा. अॅडव्हान्स मिळाला आणि ड्रॉइंगवर सही आली, यातलं जे नंतर होईल तिथून 4 आठवडे. अॅडव्हान्स घेतला म्हणून लगेच जीएसटी भरावा लागेल याची धास्ती घेऊ नको, मालाच्या अॅडव्हान्सवर नोव्हेंबर 2017 पासून तो लागत नाही, बिल केल्यावरच लागतो. बाकीचे 50 टक्के माल निघायच्या आधी. उधारी द्यायचीच असेल तर दिवस लिही, आणि लेटरहेडवर तुझा उद्यम नंबर टाक. सूक्ष्म-लघु उद्योगाला पार्टीने ठरलेल्या मुदतीत, पण कितीही ठरवलं तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, काही ठरलंच नसेल तर 15 दिवसांत, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. उद्यम नंबर बघून मोठी पार्टी थोडी जपून वागते एवढं मात्र मी पाहिलंय.

तुझ्यासाठी मसुदा लिहून देतो, नाव-नंबर-तारखा तुझ्या टाक. भाव मी लोखंडाचे वाढलेले 4 रुपये धरून 9200 चा 9600 केलाय, 97 किलोला 388 होतात, ते गोल केले.

कोटेशन क्र. ___, तारीख ___
प्रति, ___, बऱ्हाणपूर. जीएसटी नंबर: 23___
माल उतरण्याची जागा: ___

आपल्याला दि. ___ रोजी व्हॉट्सअॅपवर कळवलेला भाव या पत्राने रद्द करत आहोत. सुधारित भाव खालीलप्रमाणे.

केळी रायपनिंग चेंबरसाठी एमएस रॅक, 40 नग. माप 1800 बाय 600 बाय 2100 मिमी, कप्पे 4. खांब आणि चौकट 40 बाय 40 बाय 5 मिमी अँगल, कप्प्याला 25 बाय 5 मिमी पट्ट्या 6. रेड ऑक्साइडचा एक हात, इनॅमलचे दोन हात, रंग ___. एका नगाचं अंदाजे वजन 97 किलो, 5 टक्के कमीजास्त. प्रत्येक कप्प्यावर समान पसरलेलं 100 किलोपर्यंत वजन, क्रेटचा एकच थर.

दर प्रति नग 9,600 रुपये, एकूण 3,84,000 रुपये, एक्स-वर्क्स जळगाव. आयजीएसटी 18 टक्के वेगळा, आजच्या दराने 69,120 रुपये. माल पाठवताना जो दर असेल तो लागेल. भाडं आणि उतरवण्याची हमाली आपल्याकडे, गाडीत चढवून देणं आमच्याकडे.

हा भाव दि. ___ पर्यंत, लेखी ऑर्डर आणि 50 टक्के अॅडव्हान्स त्या तारखेपर्यंत मिळाल्यास. माल अॅडव्हान्स आणि सही केलेलं ड्रॉइंग यातलं नंतरचं मिळाल्यापासून 4 आठवड्यात. बाकी रक्कम टॅक्ससह माल निघण्यापूर्वी. वाद झाल्यास न्यायक्षेत्र जळगाव.

बस, एका पानात मावतं. लेटरहेडवर टाईप कर, सही-शिक्का मारून पीडीएफ कर आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलंस तरी मेलवरही पाठव. मग पार्टीला फोन कर, आणि फोनवर आधी जाडीचं बोल, टॅक्सचं नंतर. "शेठ, तुम्हाला 5 चा अँगल देतोय, कुठूनही 40 बाय 40 बाय 3 चा भाव आणा आणि माझ्यासमोर काट्यावर ठेवा," असं म्हण. केळीवाला वजनाचीच भाषा समजतो, रोज काट्यावरच त्याचं आयुष्य जातं. घासाघीस होईलच, तेव्हा भावात दोनशे-तीनशे सोडायचे तर सोड, पण "टॅक्स त्यातच धरा" याला हो म्हणू नको. ते पुन्हा नीट आकड्यात बघ, 3,84,000 मध्ये टॅक्स धरला तर 58,576 रुपये गेले, म्हणजे रॅकमागे 1464.

ऑर्डर आली तर ड्रॉइंगवर सही घेतल्याशिवाय अँगल कापू नको. आणि चेंबरच्या दाराची रुंदी विचारून घे, 1.8 मीटरचा रॅक आत वळतो की नाही ते.